धुतलेली पांढरी टोपी कपाटात पिवळी कशी पडते?

पांढरी गांधी टोपी वर्षातून चार-पाच वेळाच डोक्यावर चढते. लग्नकार्य, कुणाचा तेरावा, पालखी गावावरून जाते तो दिवस, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन. कार्यक्रम दोन तासांचा. टोपी मळलेली दिसत नाही, कांजीचा कडकपणाही टिकून असतो, म्हणून ती झटकून, आहे त्याच घडीवर दाबून पुन्हा कपाटात जाते. पुढच्या वर्षी बाहेर काढली की कपाळाला टेकणारी पट्टी पिवळट-तपकिरी झालेली असते, वरच्या घडीची धार पिवळी असते आणि मधला भाग मात्र बऱ्यापैकी पांढरा असतो.

घरात त्याचं खापर तीन गोष्टींवर फुटतं: कपाटावर, डांबरगोळीवर आणि धोब्यावर. तिघांचाही थोडाथोडा हात असू शकतो. पण पिवळा रंग ज्यातून तयार झाला तो माल बहुतेक वेळा टोपीनेच आत नेलेला असतो. थोडा डोक्यावरून आलेला, थोडा कांजीच्या पातेल्यातून. आत ठेवला तेव्हा तो बिनरंगी होता, म्हणून दिसला नाही, इतकंच. कपाटाने फक्त वेळ आणि ओल पुरवली.

टोपी उदाहरणाला घेण्याचं कारण असं, की अंगातलं तेल आणि कांजी या दोन्ही गोष्टी तिच्यावर सगळ्यात जास्त आणि एकाच जागी येतात. झब्ब्याची कॉलर, नेहरू शर्टाचा गळा, क्रीम रंगाच्या सुती साडीचा पदर, सगळीकडे तीच क्रिया चालते, फक्त हळू आणि विरळ.

डोक्याचं तेल

आपल्या कातडीखाली तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तळहात आणि तळपायाला त्या नसतातच. चेहरा, कपाळ आणि टाळू इथे मात्र त्यांची दाटी असते. एका चौरस सेंटिमीटरला चारशे ते नऊशे असा आकडा वैद्यकाच्या पुस्तकांत सापडतो. या ग्रंथींतून येणारा स्निग्ध पदार्थ घामापेक्षा अगदी वेगळा. घाम म्हणजे बहुतांश पाणी आणि मीठ. तो वाळतो, फार तर पांढरी रेघ उमटवतो आणि साध्या पाण्यात निघून जातो. तेल वाळत नाही. ते सुताच्या आत शिरतं.

आणि सूत आत शिरायला जागाही देतं. कापसाचा तंतू भरीव काठीसारखा नसतो, तो आतून पोकळ, चपटा झालेला आणि पीळ पडलेला असतो. अंगाच्या उबेने पातळ झालेलं तेल दोन तंतूंच्या फटीत जातंच, शिवाय तंतूच्या आतल्या पोकळीतही पोचतं. वरून हात फिरवला तर कापड कोरडं लागतं. टेरिकॉटची गोष्ट आणखी बिकट, कारण पॉलिस्टरला पाण्यापेक्षा तेल जास्त प्रिय. म्हणून तीच माणसं तसेच शर्ट वापरतात, तरी टेरिकॉटच्या कॉलरी जास्त हट्टी असतात.

आता या तेलात काय असतं ते पाहू, कारण पिवळेपणाचं मूळ तिथे आहे. निम्म्याहून अधिक भाग साध्या चरबीसारखा, चतुर्थांशाच्या आसपास मेणासारखा, आणि दहा-बारा टक्के स्क्वालीन नावाचा पदार्थ. शार्कच्या यकृतातल्या तेलात जो भरपूर सापडतो तोच हा. स्क्वालीनच्या एका रेणूत कार्बनचे सहा दुहेरी बंध असतात. दुहेरी बंध म्हणजे हवेतल्या प्राणवायूला शिरायला दार. एक दार असलेले पदार्थ हळू बिघडतात, सहा दारं असलेला लवकर.

डब्यात राहिलेले शेंगदाणे खवट होतात ना, नेमकी तीच क्रिया टोपीच्या पट्टीत चालते. सुरुवातीला बराच काळ काही होत नाही. प्राणवायू एकेका रेणूला चिकटत असतो, पण डोळ्याला आणि नाकाला पत्ता नसतो. मग एक टप्पा असा येतो की बिघडलेला रेणू शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि काम भरभर पुढे सरकतं. तीन महिने पांढरं राहिलेलं कापड चौथ्या-पाचव्या महिन्यात एकदम पिवळं दिसायला लागतं ते यामुळे. पाण्यातून आलेला लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश कापडात असला तर हा वेग वाढतो. बोअरच्या लालसर पाण्यात धुतलेले कपडे लवकर पिवळे पडतात ही गावोगावची तक्रार खरी आहे, आणि गंज हे त्याचं एकच कारण नाही.

बिघडलेल्या तेलाचे पुढे दोन प्रकार होतात. काही तुकडे एकमेकांना जोडले जाऊन मोठे, चिकट, पिवळे रेणू बनतात. ताजं तेल साबणाला शरण जातं, कारण ते सुटं असतं. हे जोडलेलं जाळं सुताला धरून बसतं आणि साबण त्याच्यावरून घसरून जातो. दुसरे तुकडे लहान असतात आणि ते कपड्यावरच्या प्रथिनांशी जुळतात. प्रथिनं कुठून आली? कातडीची मेलेली पापुद्री आणि घामातला अंश, दोन्ही पट्टीला चिकटलेले असतातच. या जोडीतून पिवळा-तपकिरी रंग तयार होतो. म्हणून पट्टीवरचा डाग नुसता तेलकट पिवळा नसतो, त्यात तपकिरी झाक असते.

डोक्याला लावलेल्या तेलाचं काय, असा प्रश्न येईलच. खोबरेल बदनाम आहे, पण या बाबतीत ते बरंच निर्दोष. त्यातली जवळपास नव्वद टक्के चरबी अशी असते की तिच्यात दुहेरी बंधच नाहीत, त्यामुळे प्राणवायूला दार नाही. खोबरेलाचा डाग पारदर्शक, तेलकट राहतो, लवकर पिवळा होत नाही. बदामाचं, तिळाचं किंवा सरसूचं तेल मात्र होतं. आणि हिरव्या-लाल रंगाची सुगंधी तेलं असतील तर त्यातला रंग वेगळाच उमटतो. खोबरेलाचा गुन्हा एवढाच की ते कातडीचं तेल स्वतःत विरघळवून कापडात खोलवर आणि लांबवर पसरवतं.

बाळाच्या झबल्या-टोपड्यांचीही गत हीच. पुढच्या बाळासाठी म्हणून धुऊन ठेवलेल्या झबल्यांवर दोन वर्षांनी गळ्याखाली पिवळे ओघळ उमटतात. ते दुधाचे. दुधात चरबीही असते आणि प्रथिनंही, म्हणजे वरची दोन्ही पात्रं एकाच थेंबात हजर.

कांजी: वापरात मित्र, साठवणीत नाही

कांजीला नुसती दोषी ठरवणं अन्यायाचं होईल. रोज वापरायच्या कपड्यावर ती खरंच उपयोगी असते. भाताची पेज, साबुदाणा, आरारूट किंवा मक्याचं पीठ, कशाचीही केली तरी गोष्ट एकच: थंड पाण्यात कालवलेल्या पिठाचे कण साधारण साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान फुगून फुटतात आणि त्यांतून चिकट खळ सुटते. ती सुतांभोवती पातळ थर धरते, इस्त्रीखाली तो थर वाळून चकचकीत होतो. मग धूळ आणि तेल आधी त्या थराला लागतं. पुढच्या धुण्यात थर निघाला की बराचसा मळही त्याच्यासोबत जातो. जुने लोक कॉलरला आणि मनगटपट्टीला जास्त कांजी देत त्यात हे शहाणपण होतं.

पण ही सगळी युक्ती पुढचं धुणं लवकर होईल या भरवशावर उभी आहे. ते धुणं वर्षभर लांबलं की हिशेब उलटतो.

एक तर पिठूळ थर हवेतली ओल सुतापेक्षा जास्त ओढून धरतो. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत कपाट उघडलं की कांजीचे कपडे मऊ पडलेले, किंचित दमट लागतात ते यामुळेच. खवट होण्याची क्रिया आणि सुताचा स्वतःचा हळूहळू होणारा ऱ्हास, दोन्ही ओलीत जोमाने चालतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीलाही वाव मिळतो, आणि पिठाचा थर म्हणजे तिला वाढलेलं ताट. बुरशीचे डाग पट्टीवर रांगेत येत नाहीत, कुठेही ठिपक्यांनी उमटतात. कसरही याच थरावर येते. चंदेरी, चपटी, शेपटाला तीन केस असलेली ही किडी पुस्तकाच्या बांधणीतली खळ खाते तशी टोपीतली कांजी खाते, आणि कांजीसोबत सूतही कुरतडते.

दुसरं, इस्त्री. कोरड्या पिठाला उष्णता दिली की त्याच्या लांब साखळ्या तुटून डेक्स्ट्रिन बनतं. कारखान्यात ते मुद्दाम बनवतात, पिठाला किंचित आम्ल लावून भाजतात. जितकं जास्त भाजावं तितका रंग पांढऱ्याकडून पिवळ्याकडे आणि मग तपकिरीकडे जातो. सुती कापडाच्या इस्त्रीचा तवा दोनशे अंशांच्या आसपास असतो. म्हणजे दर कडक इस्त्रीला टोपीवरचा थर थोडा भाजला जातो. एकदा-दोनदाने दिसत नाही. न धुता, नुसतं पाणी शिंपडून पुन्हापुन्हा इस्त्री मारली तर दिसायला लागतो. भाताच्या पेजेत पिठासोबत थोडं प्रथिनही असतं, त्यामुळे घरची पेज निवळ आरारूटपेक्षा लवकर रंग धरते. तिची चव चांगली, पण ठेवणीच्या कपड्याला आरारूट बरं.

आणि इथेच तेल आणि कांजी एकत्र येतात. दोन तास घातलेली टोपी न धुता इस्त्रीवाल्याकडे गेली, त्याने 'नुसती प्रेस' करून दिली, तर पट्टीतलं तेल गरम होऊन आणखी आत गेलं, तापल्यामुळे खवट होण्याचा संथ टप्पा लवकर संपला, आणि वरून कांजीचा थर पुन्हा ताणून बसला. दिसायला टोपी झकास. माझ्या मते पांढऱ्या कपड्याचं सगळ्यात मोठं नुकसान याच सवयीने होतं, धुण्याच्या चुकांनी नव्हे.

टोपीच्या वरच्या धारेचं कोडं अजून राहिलं. तिथे डोकं लागत नाही, मग ती पिवळी का? कारण तिथे कांजीचा थर दाबून मोडलेला असतो. घडीच्या वळणावर कडक थराला बारीक तडे जातात, सूत उघडं पडतं आणि ताणाखाली असतं. टोप्यांच्या चवडीत बाहेर डोकावणारी जागाही हीच, म्हणजे हवा, धूळ आणि ओल पहिल्यांदा इथेच पोचते. सूत म्हणजे सेल्युलोज. तेही प्राणवायूने आणि आम्लाने हळूहळू तुटतं आणि तुटताना पिवळं होतं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली कांजीची साडी शेवटी त्या घडीवरच फाटते. आधी पिवळी रेघ येते आणि मग चीर जाते.

डाग कशाचा हे ओळखावं कसं

डाग कुठे आहे यावरून निम्मं निदान होतं. कपाळपट्टी, गळा, बगल, मनगट, म्हणजे जिथे अंग लागतं तिथला डाग तेलाचा. बगलेतला डाग पिवळा असून कडक, पापुद्र्यासारखा लागत असेल तर घाम थांबवणाऱ्या स्प्रेतले ॲल्युमिनियमचे क्षारही त्यात आहेत. घडीच्या रेघांवरचा आणि सबंध कापडावर सारखा पसरलेला पिवळेपणा कांजीचा, इस्त्रीचा आणि सुताच्या वयाचा. विखुरलेले ठिपके बुरशीचे किंवा गंजाचे.

एक प्रकार मात्र या सगळ्यांहून निराळा आहे. नवी कोरी, कधीच न घातलेली पांढरी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली असते आणि वरच्या पदरावर पिवळ्या ढगांसारखे डाग येतात, आतल्या घड्या स्वच्छ. अंगाचं तेल नाही, तरी हे का? पिशवीचं प्लॅस्टिक टिकावं म्हणून त्यात बीएचटी नावाचा पदार्थ मिसळलेला असतो. तो हळूहळू पिशवीतून बाहेर पडून कापडावर येतो, गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पिवळा रंग तयार होतो. कापड-उद्योगाला हे दुखणं इतकं ठाऊक आहे की त्यासाठी ठरावीक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. याची खूण अशी की डागावर पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा टेकवला तर रंग फिका पडतो किंवा नाहीसा होतो. पुष्कळदा उन्हात काही तास ठेवूनही जातो. तेलाचा डाग असा जात नाही. कापडात धुण्याचा सोडा राहिलेला असेल तर हा पिवळा जास्त खुलतो, कारण त्याला क्षार मानवतो आणि आम्ल मानवत नाही.

आता ही टोपी धुवायची कशी

पट्टी पिवळी, धार पिवळी, कांजी आणि इस्त्री शाबूत, टोपी सुती, अशी ती हातात आहे असं धरू. पहिला मोह होतो तो क्लोरिनच्या ब्लीचचा. तो आवरा. क्लोरीन प्रथिनांशी जुळून स्वतःच पिवळी संयुगं बनवतं, पाण्यात लोखंड असेल तर गंजाचा रंग आणतं आणि आधीच झिजलेल्या घडीवरचं सूत आणखी तोडतं. पट्टी चार दिवस पांढरी दिसेल, मग पूर्वीहून वाईट होईल.

आधी कांजी काढायची. ती असेपर्यंत कोणताही साबण सुतापर्यंत नीट पोचत नाही. टोपी कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा, पिळू नका, नुसती दाबा. पाणी बदलून पुन्हा ठेवा. जुन्या टोपीचं पहिलं पाणी चहासारखं होतं. घाबरू नका, तो सुताच्या ऱ्हासातून तयार झालेला आणि पाण्यात विरघळणारा पिवळा भाग आहे. अर्धं काम साध्या पाण्यानेच होतं हे पाहून नवल वाटतं. कांजी पुरती गेली का हे तपासायला सोपी युक्ती आहे. टोपी दाबून निघालेलं थोडं पाणी पांढऱ्या वाटीत घ्या आणि त्यात जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एक थेंब टाका. पाणी निळं-काळं झालं तर पीठ अजून आहे. फिकट पिवळं किंवा तपकिरी राहिलं तर गेलं. थेंब वाटीतच टाका, टोपीवर नको. एन्झाइम असलेली धुण्याची पावडर वापरली तर कांजी लवकर सुटते, कारण त्यांपैकी पुष्कळांत पीठ तोडणारं एन्झाइम असतं.

मग तेल. पट्टीवर भांडी घासायचा पातळ साबण बोटाने चोळा आणि वीस मिनिटं तसंच राहू द्या. ब्रशने खरवडू नका, पट्टीच्या शिवणीचं सूत आधीच अशक्त असतं. मग चाळीस-पन्नास अंशांच्या पाण्यात धुवा, म्हणजे हात घालता येईल पण फार वेळ ठेववणार नाही इतक्या गरम. हे गरम पाणी महत्त्वाचं आहे. कातडीचं तेल अंगाच्या तापमानाच्या आसपास पातळ होतं. नळाच्या गार पाण्यात ते थिजून सुताला धरून राहतं. वर्षभर 'स्वच्छ धुतलेले' कपडे गार पाण्याच्या मशीनमधून बाहेर येतात आणि तरी कपाटात पिवळे पडतात, त्याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

इतक्याने ताजं तेल जातं. जाळं धरून बसलेला जुना पिवळा राहतो, त्याला प्राणवायूचं ब्लीच लागतं. सोडियम परकार्बोनेट या नावाने ते मिळतं. डाग काढायच्या बऱ्याच पावडरींचा मुख्य घटक हाच. पाण्यात पडलं की त्याचा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडा होतो. पेरॉक्साइड पिवळ्या रेणूंचे रंग देणारे बंध तोडतो. पाच लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, पाणी पन्नास-साठ अंशांचं. टोपी पूर्ण बुडेल अशी ठेवा आणि चार-सहा तास राहू द्या. पाणी गार होत जातं तसा जोर कमी होतो, म्हणून रात्रभर ठेवण्यापेक्षा तीन-चार तासांनी पाणी बदलून दुसऱ्यांदा ठेवणं बरं. झाकणबंद डब्यात हे कधीच करू नका, वायू सुटत राहतो. क्लोरीन ब्लीचसोबत तर मुळीच नको.

हे फक्त पांढऱ्या सुती आणि लिननच्या कपड्यांना. रेशीम, लोकर आणि जरीकाम यांना परकार्बोनेट लावू नका; त्यातला सोडा रेशमाची चमक आणि बळ दोन्ही खातो. क्रीम रंगाच्या साडीबाबत आधी ठरवा की तिचा क्रीम रंग मुळात कुठून आला. मांजरपाट किंवा कोऱ्या हातमागाच्या कापडाचा क्रीम हा कापसाचा स्वतःचा रंग असतो; ब्लीचने तोही जाईल आणि साडी पांढरी, बहुधा ठिगळासारखी पांढरी होईल. तिथे कोमट पाणी आणि सौम्य साबण, त्याच्या पुढे जाऊ नये. रंगवलेला क्रीम असेल तर आतल्या शिवणीत आधी करून बघावं. क्रीम पैठणीचं पिवळं पडणं तर वेगळंच प्रकरण, कारण रेशमातली काही प्रथिनं उजेडानेच पिवळी होतात. खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटातली पैठणी बंद पेटीतल्यापेक्षा आधी पिवळी पडते. ती घरी धुण्याच्या भानगडीत पडू नका.

शेवटी टोपी स्वच्छ पाण्यातून तीनदा काढा. चौथ्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाका, म्हणजे राहिलेला सोडा मारला जाईल. व्हिनेगर स्वतः वाळताना उडून जातं. जड पाण्याच्या गावात हे जास्त गरजेचं, कारण तिथे साबणाचा काही भाग पाण्यातल्या चुन्याशी जुळून न विरघळणारा चिकट थर होतो आणि तो सुतात राहतो. तोही शेवटी चरबीचाच. ओली टोपी उन्हात वाळवा. पांढऱ्या सुती कापडाला ओलं असताना ऊन लागलं की राहिलेली पिवळी झाक आणखी उतरते. नीळ शेवटी द्यायची असेल तर द्या, पण ती पिवळा काढत नाही, निळ्या झाकेने डोळ्याला फसवते हे लक्षात असू द्या. निळीखाली तेल असेल तर सहा महिन्यांनी हिरवट-पिवळं काहीतरी बाहेर येतं.

दोनदा एवढं करूनही घडीवरची रेघ राहिली आणि कापड तिथे बोटाने ताणल्यावर तडकायला लागलं, तर तिथे थांबा. तो डाग राहिलेला नाही, सूतच संपलं आहे. आणखी ब्लीचने रेघ जाईल आणि तिच्या जागी भोक येईल.

ठेवताना

ठेवणीच्या कपड्याला कांजी नको. बाहेर काढायच्या आदल्या दिवशी कांजी करा, इस्त्री करा, मिरवा. कार्य झालं की त्याच आठवड्यात, मळलेली दिसो न दिसो, टोपी धुवा, कांजी पुरती काढा आणि बिनइस्त्रीची, नीट वाळलेली टोपी ठेवा. परीटघडीचा मोह इथे सोडावा लागतो. आपल्याकडे कपाट उघडल्यावर कडक घड्यांची चवड दिसली की घर नीटनेटकं वाटतं. मऊ, सैल गुंडाळलेले पांढरे कपडे गबाळे दिसतात. पण पिवळे पडत नाहीत.

इस्त्री केलीच असेल तर कपडा पुरता गार झाल्यावर कपाटात जाऊ द्या, नाही तर वाफ आतच अडकते. वर्तमानपत्र अंथरू नका, स्वस्त कागद जुना होताना आम्ल सोडतो. लाकडाची फळीही तेच करते. तिच्यावर धुतलेलं, कांजी नसलेलं जुनं पांढरं कापड पसरा. जुना पंचा किंवा मलमलीचा तुकडा गुंडाळायला उत्तम, प्लॅस्टिकची पिशवी वाईट. डांबरगोळी ठेवायचीच असेल तर कापडाच्या पुरचुंडीत, कपड्याला टेकणार नाही अशी. तिचा खरा उपयोग किड्यांसाठी, आणि कांजी नसेल तर कसरीला तिथे खायलाही फारसं काही उरत नाही.

पावसाळा संपला की, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, हे कपडे एकदा बाहेर काढून हवा द्या आणि घडी दुसऱ्या ठिकाणी घाला. त्याच वेळी पट्टी आणि गळा खिडकीच्या उजेडात धरून पाहा. नुसती फिकट लोण्यासारखी झाक दिसली, तर डाग अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि गरम पाणी-साबणाने एका धुण्यात निघेल.